बॅरोमीटर ७४२ दिलाय, तरी गेज प्रेशर चुकतंय. घोळ कुठे आहे?

अर्धी_नळी

बंद टाकीचं गणित आहे. टाकीत तळाशी ३ मीटर पाणी, त्याच्यावर हवा. हवेच्या भागाला व्हॅक्यूम गेज लावलाय, तो १८० मिमी पारा दाखवतो. बॅरोमीटरचं वाचन ७४२ मिमी पारा. टाकीच्या तळाशी ॲब्सोल्यूट प्रेशर किती आणि गेज प्रेशर किती, असं विचारलंय.

मी असं केलं:

हवेचं ॲब्सोल्यूट = ७४२ − १८० = ५६२ मिमी
५६२ × ०.१३३३२ = ७४.९३ किलोपास्कल
पाण्याचा दाब = ९.८१ × ३ = २९.४३ किलोपास्कल
तळाचं ॲब्सोल्यूट = १०४.३६ किलोपास्कल

इथपर्यंत पुस्तकामागच्या उत्तराशी जुळतं. पुढे गेज काढायला त्यातून वातावरणाचा दाब वजा केला: १०४.३६ − १०१.३३ = ३.०३. पुस्तकात उत्तर ५.४३ आहे. मित्र म्हणतो छपाईची चूक असणार. मला तसं वाटत नाही, पण माझं कुठे बिघडलं तेही दिसत नाहीये.

द्रवगती

छपाईची चूक नाही, तूच उगाच लांबून फिरून आलास. सगळं गेजमध्येच कर ना. १८० मिमी व्हॅक्यूम म्हणजे उणे २४.००. त्यात पाण्याचे २९.४३ मिळव. ५.४३. संपलं. बॅरोमीटर नुसता गोंधळ घालायला दिलेला असतो. मी असल्या गणितात त्याच्याकडे बघतसुद्धा नाही आणि माझं कधी अडलं नाही.

अर्धी_नळी

पटलं, पण मग माझ्या रस्त्यानेही तेच यायला हवं होतं ना? दोन्ही रस्ते बरोबर असतील तर उत्तरं दोन कशी?

जुना_फोरमन

प्रश्न बरोबर विचारलात. तुमचा रस्ता ठीक आहे, फक्त जाताना एका पायरीवरून चढलात आणि येताना दुसऱ्याच पायरीवर उतरलात. वर जाताना वातावरणाचा दाब ७४२ मिमी धरला. परत येताना १०१.३३ वजा केलेत, म्हणजे ७६० मिमी. टाकी तीच, दिवस तोच, आणि तिच्याभोवतीची हवा गणिताच्या मध्यावर बदलली.

७४२ मिमी म्हणजे ९८.९३ किलोपास्कल. तुमच्या १०४.३६ मधून हे वजा करा, ५.४३ येतात.

आता तुमच्या चुकीचा आकार बघा. ५.४३ − ३.०३ = २.४०. आणि ७६० − ७४२ = १८ मिमी, म्हणजेही २.४०. असल्या गणितात उत्तर चुकलं तर आधी तो फरक मिमीमध्ये करून बघायचा. तो नेमका ७६० आणि बॅरोमीटरमधल्या अंतराइतका निघाला, तर दुसरीकडे शोधायची गरजच नाही.

गेज नेमकं काय मोजतो हे एकदा डोळ्यांसमोर आणलं की हा घोळ होत नाही. साध्या तबकडीच्या गेजमध्ये बूर्दाँची वाकवलेली चपटी नळी असते. नळीच्या आत टाकीचा दाब आणि बाहेर, डब्याच्या आत, आसपासची हवा. आतला दाब जास्त झाला तर नळी उलगडते, कमी झाला तर आणखी वळते आणि काटा त्याप्रमाणे फिरतो. म्हणजे काटा फक्त दोन दाबांमधला फरक सांगतो. ७६० हा आकडा त्या बिचाऱ्या नळीला ठाऊकच नसतो. तिचं शून्य म्हणजे त्या क्षणी तिच्याभोवती असलेली हवा.

बॅरोमीटरचं उलट आहे. पाऱ्याची नळी वरून बंद, पाऱ्यावर जवळपास पोकळी. खालून हवा ढकलते आणि वरून ढकलायला काहीच नाही. म्हणून बॅरोमीटर जे वाचतो ते खऱ्या शून्यापासून असतं, म्हणजे ते स्वतःच ॲब्सोल्यूट असतं. गेजच्या वाचनाला हवं तिथे बॅरोमीटर जोडून ॲब्सोल्यूटवर जायचं, आणि परत यायचं तर तोच बॅरोमीटर काढून घ्यायचा.

अर्धी_नळी

म्हणजे दोन्हीकडे १०१.३३ वापरलं असतं तर?

जुना_फोरमन

तर गेज बरोबर आलं असतं, ५.४३. जे जोडलं तेच काढलं, त्यामुळे आकडा कुठलाही असो, तो कटून जातो. पण तळाचं ॲब्सोल्यूट १०६.७६ आलं असतं आणि ते चूक. तुमचं ॲब्सोल्यूट बरोबर आणि गेज चूक, दोन्हीकडे १०१.३३ धरणाऱ्यांचं गेज बरोबर आणि ॲब्सोल्यूट चूक. वर्गात दोन्ही जातीचे लोक सापडतात. दुसऱ्या जातीचे जास्त काळ सापडत नाहीत, कारण बहुतेक प्रश्न गेजच विचारतात.

आकड्यांवर भरवसा बसत नसेल तर टाकीकडे बघा. हवा उणे २४.०० वर आहे. पाण्यात खाली जाल तसा दाब मीटरला ९.८१ ने वाढतो. मग गेज शून्य कुठे होईल? २४.०० भागिले ९.८१, म्हणजे पृष्ठभागाखाली साधारण २.४५ मीटरवर. त्या पातळीच्या वर टाकीला बारीक भोक पाडलं तर पाणी बाहेर येणार नाही, उलट हवा आत ओढली जाईल. खाली पाडलं तर पाणी बाहेर येईल. तळ त्या पातळीच्या अजून ५५ सेंटीमीटर खाली आहे. ०.५५४ × ९.८१ = ५.४३. यात बॅरोमीटर आला नाही आणि १०१.३३ सुद्धा नाही, तरी उत्तर तेच.

द्रवगती

म्हणजे माझंच खरं झालं की! बॅरोमीटर लागतच नाही.

जुना_फोरमन

गेज प्रेशर काढायला लागत नाही, इथवर तुमचं खरं. पण याच टाकीतली हवा पंपाने आणखी ओढत राहा आणि सांगा, तो व्हॅक्यूम गेज जास्तीत जास्त किती दाखवेल?

द्रवगती

७६०. बरं, ७४२ म्हणू, तुमच्या समाधानासाठी.

जुना_फोरमन

दोन्ही नाही. आत पाणी आहे. पाणी ३० अंश सेल्सिअसला असेल तर त्याच्या वाफेचा दाब ४.२५ किलोपास्कल, म्हणजे सुमारे ३२ मिमी. हवेच्या भागातला ॲब्सोल्यूट दाब ३२ मिमीला आला की पाणी उकळायला लागतं आणि ओढलेल्या हवेच्या जागी वाफ येत राहते. म्हणून गेज ७१० च्या आसपास अडकेल. हे ७१० कुठून आले? ७४२ मधून ३२ गेले. ७६० धरून बसलात तर ७२८ ची वाट बघाल, आणि काटा ७१० च्या पुढे का जात नाही म्हणून पंपाला दोष द्याल.

पाणी उकळतं ते ॲब्सोल्यूट दाबावर. वायूचे नियमही ॲब्सोल्यूट दाबावर चालतात. असा प्रश्न आला की बॅरोमीटर टाळता येत नाही.

द्रवगती

हम्म. हे मान्य. पण परीक्षेत असं कोण विचारतं?

वाफेवरचा

परीक्षेत कोण विचारतं ते माहीत नाही, कामावर रोज विचारतात. कंडेन्सरचा व्हॅक्यूम ६९० मिमी, बॅरोमीटर हाच ७४२ समजा. ॲब्सोल्यूट राहिला ५२ मिमी, म्हणजे ६.९३ किलोपास्कल, आणि वाफ ३९ अंशांच्या जरा खाली पाणी होते. कोणी सवयीने ७६० मधून वजा केलं तर ७० मिमी येतात, ९.३३ किलोपास्कल, तापमान साधारण ४४.५ अंश. एकाच काट्यावरून साडेपाच अंशांचा फरक! मग तो थंड पाण्याचा प्रवाह तपासत बसतो, नळ्यांवर क्षार बसलेत का बघतो. दोष कागदावर असतो.

तेच १८ मिमी बॉयलरच्या गेजवर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. १० बार गेज असेल तर ॲब्सोल्यूट ११०० किलोपास्कलच्या आसपास, त्यात २.४ ने काय होणार? म्हणून जास्त दाबाची गणितं करणाऱ्यांना ७६० ची सवय लागते आणि ती खपूनही जाते. व्हॅक्यूम जितका खोल, तितका बॅरोमीटरचा आकडा चावतो. कारण दोन जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी करून हातात थोडंसंच उरतं, आणि चूक मात्र तेवढीच राहते.

एक गोष्ट मात्र नवशिक्यांच्या बाजूने. आमच्याकडे ‘७६० वर आणलेला व्हॅक्यूम’ असा प्रकार असतो. वेगवेगळ्या दिवसांची तुलना करता यावी म्हणून खरा ॲब्सोल्यूट आधी काढायचा, ५२, आणि मग ७६० − ५२ = ७०८ मिमी असं लिहायचं. इथे ७६० मुद्दामच येतो आणि तो बरोबर असतो. पण त्याच्या आधी ७४२ येऊन गेलेला असतो. हे एकदा पाहिलेला माणूस पुढे सगळीकडेच ७६० घुसवतो.

पंपवाली

मलाही हेच विचारायचं होतं, बरं झालं धागा सापडला. माझ्या छोट्या व्हॅक्यूम पंपावरचा गेज ६९० मिमी दाखवतो. बॅरोमीटर नाही माझ्याकडे, पण फोनवर हवामान बघितलं तर दाब १०१२ हेक्टोपास्कल, म्हणजे ७५९ मिमी. म्हणून ॲब्सोल्यूट ६९ मिमी. पंपाच्या कागदावर याहून बराच खोल व्हॅक्यूम लिहिलाय. पंप खराब आहे का?

अर्धी_नळी

७५९ − ६९० = ६९. पद्धत तर बरोबर आहे. मग पंपच असेल.

जुना_फोरमन

थांबा. पंपवालीताई, समुद्रसपाटीपासून तुम्ही किती उंचीवर आहात?

पंपवाली

साधारण ९०० मीटर. त्याचा काय संबंध? फोनला माझी जागा माहीत आहे की.

जुना_फोरमन

जागा माहीत आहे, आणि तरीही तो आकडा तुमच्या खोलीतल्या हवेचा नाही. हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीवर आणून सांगतात. तसं केलं नाही तर नकाशावर प्रत्येक डोंगर कमी दाबाचा पट्टा दिसेल. हवामानवाल्यांना ते सोयीचं आहे, आपल्याला नाही. तुमच्या गेजभोवती जी हवा आहे तिचाच दाब आपल्याला लागतो.

९०० मीटरवर सरासरी दाब ९१ किलोपास्कलच्या जवळ असतो, म्हणजे सुमारे ६८२ मिमी. आता यातून ६९० वजा करून दाखवा.

पंपवाली

उणे ८?? म्हणजे पोकळीपेक्षाही रिकामं?

जुना_फोरमन

तसं होत नाही. पंपाला बॅरोमीटरपेक्षा जास्त व्हॅक्यूम काढता येत नाही. वजाबाकी उणे आली तर दोनपैकी एक आकडा खोटा. उंचीचा अंदाज चुकला असेल, किंवा त्या दिवशी हवा सरासरीपेक्षा जड असेल, किंवा गेजचं शून्य सरकलं असेल. शेवटचं तपासायला सगळ्यांत सोपं. पंप बंद करा, नळी काढा, गेज उघड्या हवेत ठेवा आणि काटा कुठे उभा राहतो ते सांगा.

सूचीपर्ण

फोनमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर त्याचं थेट वाचन दाखवणारी ॲप्स असतात. ते वाचन जागेवरचं असतं, समुद्रसपाटीचं नाही. फक्त ॲपमध्ये उंचीची दुरुस्ती चालू नाही ना ते बघून घ्या, काही ॲप्स आपण होऊन ती लावतात.

पंपवाली

पाहिलं. गेज उघडा ठेवला तरी काटा शून्यावर येत नाही, २० च्या जरा पुढे थांबतो. फोनमध्ये सेन्सर नाही. मग ६९० मधून २० काढले, ६७०. आणि ६८२ − ६७० = १२ मिमी. हे बरोबर धरू?

जुना_फोरमन

धरू नका. शून्य सरकलं म्हणजे पूर्ण पट्टीभर तेवढंच सरकलं असेल असं नाही. तबकडीवर रेघा किती किती मिमीवर आहेत ते बघा, बहुधा १० किंवा २० वर असतील. ६८२ हा सरासरी दिवसाचा अंदाज आहे, खरा दाब रोज थोडा वर-खाली होतो. इतक्या सैल दोन आकड्यांच्या वजाबाकीतून आलेल्या १२ चा अर्थ ‘५ असेल, २५ ही असेल’ एवढाच. पंप खराब आहे असं यावरून म्हणता येत नाही आणि चांगला आहे असंही म्हणता येत नाही. इतका खोल व्हॅक्यूम मोजायला थेट ॲब्सोल्यूट वाचणारा गेज लागतो. मग बॅरोमीटरची भानगडच राहत नाही.

पंपवाली

बरं. कोणाकडून तरी मागून आणते आणि इथे लिहिते.

दशांशचिन्ह

मूळ गणिताकडे परत येतो. सगळ्यांनी ७४२ मिमीला ०.१३३३२२४ ने गुणून ९८.९३ काढलेत. कित्येक पुस्तकं १३६०० × ९.८१ × ०.७४२ करतात, त्याने ९८.९९ येतात. कोणतं बरोबर?

अर्धी_नळी

हो, हे मलाही आलं होतं, मी घाबरून खोडलं.

जुना_फोरमन

दोन्ही चालतील. पाऱ्याची घनता १३६०० ही गोल केलेली, ०.१३३३२ च्या मागे शून्य अंशाची १३५९५ आहे. फक्त एका गणितात एकच वापरा. वातावरण एका आकड्याने आणि व्हॅक्यूम दुसऱ्याने केलात तर दशांशात धूळ उरते आणि उगाच शंका येते. त्यापेक्षा जितकं जमेल तितकं मिमीतच करा आणि शेवटी एकदाच बदला. ७४२ − १८० मिमीत केलं ते छान केलंत.

दशांशचिन्ह

धूळ एवढीच नाही. पारा तापला की फुगतो. खोली ३० अंशांवर असेल तर घनता १३५२१ च्या आसपास येते. म्हणजे पट्टीवर ७४२ वाचलेले खरे सुमारे ७३८ च प्रमाण मिमी. ४ मिमी गेले! तुम्ही १८ मिमीसाठी एवढा आरडाओरडा केलात, मग हे ४ का सोडता?

जुना_फोरमन

पुस्तकातल्या गणितात ‘बॅरोमीटर ७४२’ म्हणजे दुरुस्त केलेलं वाचन असंच समजायचं. तापमान दिलं नसेल तर आपण आपलं तापमान घालायचं नाही.

दशांशचिन्ह

असं पुस्तकात कुठे लिहिलेलं असतं? मी तर म्हणतो, उत्तरात ‘वाचन शून्य अंशावर दुरुस्त केलेलं धरलं आहे’ अशी एक ओळ लिहावी.

वाफेवरचा

लिहा हो, ओळीला पैसे पडत नाहीत. कंडेन्सरला मात्र आम्ही ही दुरुस्ती करतोच. ५२ मधले ४ म्हणजे गंमत नाही.

द्रवगती

एक भांडण माझंही. उत्तरात ‘−२४ किलोपास्कल व्हॅक्यूम’ लिहिलं तर सर गुण कापतात. का? उणे आणि व्हॅक्यूम एकच ना?

सूचीपर्ण

म्हणूनच कापतात, दोनदा सांगितलंस. ‘२४ व्हॅक्यूम’ म्हण किंवा ‘−२४ गेज’ म्हण. ‘−२४ व्हॅक्यूम’ म्हणजे वातावरणापेक्षा २४ ने जास्त, असंही कोणी वाचेल.

द्रवगती

कोणीही असं वाचत नाही. बाजारातल्या गेजांवर उणे चिन्ह आणि व्हॅक्यूम हा शब्द दोन्ही छापलेले मी पाहिलेत.

सूचीपर्ण

तबकडीवर काय छापलंय आणि उत्तरपत्रिकेत काय लिहायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

द्रवगती

मला नाही पटत.

अर्धी_नळी

तुमचं चालू द्या. मला पुढचं गणित अडलंय. टाकी अ ही मोठ्या बंद दालन ब मध्ये आहे. ब वरचा गेज बाहेर, मोकळ्या हवेत आहे, तो ४० किलोपास्कल दाखवतो. टाकी अ चा गेज ब च्या आत आहे, तो २४ किलोपास्कल व्हॅक्यूम दाखवतो. बॅरोमीटर तोच, ७४२. अ मध्ये ॲब्सोल्यूट किती?

द्रवगती

९८.९३ − २४ = ७४.९३. मगाशी आलं तेच. या वेळी बॅरोमीटर वापरलाय हां मी.

अर्धी_नळी

मलाही आधी तेच आलं. पण फोरमनकाका म्हणाले गेजचं शून्य म्हणजे त्याच्याभोवतीची हवा. अ च्या गेजभोवती तर ब ची हवा आहे. म्हणून आधी ब काढला: ९८.९३ + ४० = १३८.९३. त्यातून २४ वजा, ११४.९३. पण मग व्हॅक्यूम गेज लावलेल्या टाकीत बाहेरच्या वातावरणापेक्षा जास्त दाब? हे विचित्र वाटतंय.

जुना_फोरमन

११४.९३ बरोबर. विचित्र वाटेल, पण गेज खोटं बोलत नाहीये. तो ब च्या तुलनेत बोलतोय, आणि ब च्या तुलनेत अ मध्ये खरंच कमी आहे.

वाफेवरचा

अ च्या गेजचा डबा हवाबंद नसेल तरच. तेल भरलेले, डबा सील केलेले गेज मिळतात, त्यांच्या नळीबाहेर ब ची हवा नीट पोहोचत नाही. मग आत अडकलेला दाब कुठला धरायचा?

जुना_फोरमन

तसं असेल तर गणितात ते सांगायला हवं. सांगितलेलं नाही, म्हणून डबा उघडा.

दशांशचिन्ह

बघा, इथेही एक ओळ लिहावी लागतेच.